तक्ता एकटा सापडला तर? शीर्षक, कॅप्शन आणि मजकुरातला उल्लेख कसा लिहावा

प्रबंध आणि अहवाल छापायला जाण्याआधी तपासून देणं हे माझं काम. मध्यंतरी एका विद्यार्थिनीने आपल्या प्रबंधातल्या एका पानाचा फोटो कौतुकाने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. त्या पानावर एक तक्ता होता आणि त्याचं शीर्षक होतं, "तक्ता ४ : लोकसंख्या दर्शविणारा तक्ता". खाली "मुंबई" या ओळीत २००१ साठी ३३,३८,०३१ आणि २०११ साठी ३०,८५,४११ असे आकडे होते. डोंबिवलीच्या तिच्या काकांनी लगेच विचारलं, "मुंबईत फक्त तीस लाख माणसं? आणि तीही कमी होतायत? मग रोज सकाळी आम्हाला लोकलमध्ये ढकलतं कोण?"

आकडे जनगणनेचे होते आणि अचूक होते. फक्त ते अख्ख्या मुंबईचे नव्हते, मुंबई शहर जिल्ह्याचे होते, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतच्या भागाचे. मागच्या पानावर तिने हे नीट सांगितलंही होतं. पण फोटोत मागचं पान नव्हतं.

तक्ते आणि आकृत्या नेहमी अशाच वाचल्या जातात. परीक्षक आधी पानं चाळून तक्ते बघतात. ग्रंथालयात कुणीतरी तेवढ्याच पानाची झेरॉक्स काढतं, कार्यालयात साहेबांसमोर तेवढंच पान जातं. म्हणून तक्ता पानावरून कापून हातात दिला तरी कळला पाहिजे. हे कसं साधायचं ते दोन उदाहरणांवरून बघू. तक्त्यासाठी मुंबईची लोकसंख्या घेऊ आणि आकृतीसाठी जुलै २००५ चा पाऊस.

आधी शब्द ठरवा

"तक्ता", "सारणी", "कोष्टक" यांपैकी एकच शब्द निवडा आणि शेवटपर्यंत तोच वापरा. मी "तक्ता" वापरते, कारण "कोष्टक" म्हटलं की अर्ध्या वाचकांना कंस आठवतो. आलेख, नकाशा, छायाचित्र, रेखाचित्र या सगळ्यांना मिळून "आकृती" म्हणावं आणि एकाच क्रमाने आकडे द्यावेत. आलेख १, नकाशा १, छायाचित्र १ अशा तीन वेगळ्या मालिका सुरू केल्यात तर पुढे तुमचाच गोंधळ होईल. संस्थेच्या नियमावलीत वेगळं सांगितलं असेल तर गोष्ट निराळी.

शीर्षक कुठे द्यायचं यावर फार डोकं शिणवू नका. आपल्याकडच्या बहुतेक प्रबंधांत तक्त्याचं शीर्षक वर आणि आकृतीचं कॅप्शन खाली असतं. एपीए या लेखनशैलीच्या नियमपुस्तकाच्या सातव्या आवृत्तीत दोन्ही वर असतात. नियमावली जे म्हणेल ते करा आणि सगळीकडे सारखं करा.

तक्त्याचं शीर्षक : चार प्रश्न

शीर्षक लिहायला बसलात की स्वतःला विचारा: काय मोजलं आहे, कुठलं, कधीचं, आणि कोणत्या एककात? "लोकसंख्या दर्शविणारा तक्ता" यात पहिल्याच प्रश्नाचं अर्धंमुर्धं उत्तर आहे. "दर्शविणारा तक्ता" हे शब्द तर सरळ काढून टाका. आधी "तक्ता ४" लिहिलेलं आहेच, तो काहीतरी दर्शवणारच. सरकारी टिपणातून आलेली ही सवय शीर्षकातली निम्मी जागा खाते आणि सांगत काहीच नाही.

यातला "कुठलं" हा प्रश्न मुंबईच्या बाबतीत सगळ्यात जास्त फसवतो. "मुंबई" म्हणजे मुंबई शहर जिल्हा, मुंबई उपनगर जिल्हा, दोन्ही मिळून बृहन्मुंबई, की ठाणे-कल्याणपर्यंत पसरलेला महानगर प्रदेश? यात काळाचीही भानगड आहे. उपनगर जिल्हा १९९० मध्ये वेगळा झाला. त्याआधीच्या जनगणनेत बृहन्मुंबई हा एकच जिल्हा होता आणि १९८१ मध्ये त्याची लोकसंख्या ८२ लाखांच्या वर होती. एका प्रबंधात मी १९८१ चा हा आकडा आणि २०११ चा मुंबई शहर जिल्ह्याचा आकडा "मुंबई जिल्हा" या एकाच ओळीत शेजारी-शेजारी पाहिला आहे. तीस वर्षांत पन्नास लाख माणसं गायब! शीर्षकात हद्द लिहायची सवय असती, तर लिहितानाच त्या विद्यार्थ्याचा हात अडखळला असता. चांगलं शीर्षक वाचकाच्या आधी तुमचीच चूक पकडतं, ती अशी.

आता तो तक्ता नीट लिहू.

तक्ता १. बृहन्मुंबईची जिल्हानिहाय लोकसंख्या, २००१ आणि २०११

| जिल्हा | २००१ (व्यक्ती) | २०११ (व्यक्ती) | बदल (२००१ च्या तुलनेत, %) |
|---|---|---|---|
| मुंबई शहर | ३३,३८,०३१ | ३०,८५,४११ | −७.६ |
| मुंबई उपनगर | ८६,४०,४१९ | ९३,५६,९६२ | +८.३ |
| बृहन्मुंबई (एकूण) | १,१९,७८,४५० | १,२४,४२,३७३ | +३.९ |

टीप : बृहन्मुंबई म्हणजे मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन जिल्हे मिळून, ठाणे, नवी मुंबई यांचा समावेश नाही. टक्केवारी एका दशांश स्थळापर्यंत.
स्रोत : भारताची जनगणना, २००१ आणि २०११. टक्केवारी लेखिकेने काढलेली.

शीर्षक एका ओळीत मावलं. त्यात क्रियापद नाही, शेवटी पूर्णविराम नाही आणि निष्कर्षही नाही. "मुंबई शहराची घटती लोकसंख्या" असं शीर्षक देण्याचा मोह होतो. मंत्रालयात द्यायच्या दोन पानी टिपणात ते चालेलही, पण प्रबंधात तक्त्याने काय आहे तेवढं सांगावं आणि त्याचा अर्थ मजकुराने सांगावा. घटणारी लोकसंख्या तीन ओळींपैकी एकाच ओळीत आहे. तिच्यावरून शीर्षक दिलं की बाकीच्या दोन ओळींकडे वाचक बघतच नाही.

शेवटच्या स्तंभाच्या डोक्यावर "टक्के" एवढंच लिहून भागलं नसतं, कारण टक्के कशाचे हे कळायला हवं. २००१ च्या तुलनेत झालेला बदल, की एकूण बृहन्मुंबईत त्या जिल्ह्याचा वाटा? शहर जिल्ह्याची घट २,५२,६२० माणसांची आहे. तिला ३३,३८,०३१ ने भागलं की ७.६ टक्के येतात. नजरचुकीने २०११ च्या आकड्याने भागलं, तर ८.२ येतील. पाया लिहिलेला असेल तर परीक्षकाला कॅल्क्युलेटर काढून खात्री करता येते, नाहीतर तो नुसता संशय घेतो. सर्वेक्षणाचा तक्ता असेल, तर किती जणांनी उत्तर दिलं तो आकडा याच कारणासाठी शीर्षकात किंवा स्तंभाच्या डोक्यावर हवा. पन्नास टक्के म्हणजे सहापैकी तीन की सहाशेपैकी तीनशे, हे वाचकाने मागची पानं उलटून का शोधावं?

स्रोताच्या ओळीतलं शेवटचं वाक्य बहुतेक जण लिहीतच नाहीत. जनगणनेने लोकसंख्या दिली आणि टक्केवारी आपण काढली, हे वेगळं सांगितलं नाही तर आपली हिशोबाची चूक जनगणनेच्या नावावर जाते.

तक्त्याच्या आत एखाद्या आकड्याला खूण करून टीप द्यायची असेल, तर खुणेसाठी छोटा १ किंवा २ वापरू नका. आकड्याच्या डोक्यावर २ दिसला की तो वर्ग वाटतो. त्यापेक्षा अ, ब, क किंवा तारा घ्या. रिकामा चौकोनही ठेवू नका. माहिती मिळाली नसेल तर "उ.ना." लिहून टिपेत "उपलब्ध नाही" असा उलगडा करा आणि मोजून खरोखर शून्य आलं असेल तर ० लिहा. आणि "आकडे लाखांत" असं लिहून खाली पूर्ण संख्या देऊ नका. हसू नका, हे मी महिन्यातून एकदा तरी पाहते.

आकृतीचं कॅप्शन : २६ जुलै की २७ जुलै?

आकृतीला तक्त्यापेक्षा जास्त शब्द लागतात, कारण तिच्यात स्तंभांची डोकी नसतात. कॅप्शनचे दोन भाग करा. पहिला भाग तक्त्याच्या शीर्षकासारखाच असतो: काय, कुठे, कधी, कोणत्या एककात. दुसऱ्या भागात आकृती वाचायची कशी ते सांगायचं: प्रत्येक स्तंभ किंवा रेष म्हणजे काय, खुणांचा अर्थ काय आणि कुठे फसायला होईल.

समजा, तुम्ही जुलै २००५ मधल्या रोजच्या पावसाचा स्तंभालेख काढला आहे आणि खाली लिहिलं आहे, "आकृती १ : मुंबईतील पाऊस". वाचणाऱ्याला लगेच २६ जुलै आठवणार, आणि आलेखातला प्रचंड स्तंभ तर २७ तारखेवर उभा! तुमची तारीख चुकली असं त्याला वाटेल. चूक कुणाचीच नाही. भारतीय हवामान विभाग एखाद्या तारखेचा पाऊस म्हणून त्या दिवशी सकाळी ८:३० ला संपलेल्या २४ तासांचा पाऊस नोंदवतो. २६ च्या दुपारी-संध्याकाळी कोसळलेलं पाणी त्यामुळे २७ च्या नोंदीत जातं.

दुसरा प्रश्न, कुठला पाऊस? मुंबईत हवामान विभागाच्या दोन मुख्य वेधशाळा आहेत, कुलाबा आणि सांताक्रूझ. त्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४.२ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला ७३.४. एकाच शहरात, वीस-पंचवीस किलोमीटरवर. नुसतं "मुंबईतील पाऊस" लिहिणाऱ्याने यातला कुठला आकडा घेतला, हे वाचकाला कधीच कळणार नाही. दोन्हींची सरासरी काढणारेही भेटतात. ती तर दोन्ही ठिकाणी खोटी.

म्हणून कॅप्शन असं लिहावं:

> आकृती १. कुलाबा आणि सांताक्रूझ वेधशाळांवर नोंदलेला दैनिक पाऊस (मिमी), १ ते ३१ जुलै २००५.
> प्रत्येक स्तंभ म्हणजे त्या तारखेला सकाळी ८:३० वाजता संपलेल्या २४ तासांतला पाऊस; त्यामुळे २६ जुलैची अतिवृष्टी २७ तारखेच्या स्तंभात दिसते (सांताक्रूझ ९४४.२, कुलाबा ७३.४). भरीव स्तंभ : सांताक्रूझ, रेघांचे स्तंभ : कुलाबा. सांताक्रूझचा २७ तारखेचा स्तंभ वरच्या बाजूला तोडून दाखवला आहे.
> स्रोत : भारतीय हवामान विभाग. आलेख लेखिकेचा.

यातलं स्तंभ तोडल्याचं वाक्य लक्षात घ्या. ९४४ चा स्तंभ पूर्ण उंचीने काढला तर बाकीचे दिवस तळाशी चिरडले जातात, म्हणून तो मध्ये तोडून दाखवतात. तसं करायला हरकत नाही. पण स्तंभ तोडला हे कॅप्शनमध्ये न सांगणं म्हणजे नऊशेचा पाऊस तीनशेचा करून दाखवणं. उभा अक्ष शून्यापासून सुरू होत नसेल, तेव्हाही हेच लागू.

"भरीव" आणि "रेघांचे" का, निळे आणि लाल का नाहीत? कारण प्रबंध शेवटी झेरॉक्सच्या दुकानातून जातो आणि तिथे निळा आणि लाल दोन्ही सारखेच करडे निघतात. कॅप्शनमध्ये "लाल रेष पाहा" लिहिलेलं असतं आणि पानावर लाल काहीच नसतं. रंग हवे असतील तर ठेवा, पण सोबत नक्षी किंवा खुणेचा फरकही ठेवा आणि कॅप्शनमध्ये त्याचंच नाव घ्या. सगळ्यात बरं म्हणजे रेषेच्या टोकाशीच "कुलाबा" असं लिहून टाकणं.

एक्सेलमधून आलेख चिकटवताना दोन गोष्टी हमखास राहून जातात. चित्राच्या आत डोक्यावर `Chart Title` तसंच राहतं आणि बाजूच्या सूचीत `Series1`. आतलं शीर्षक काढून टाका, कॅप्शन आहेच. सूचीत मात्र खरी नावं भरा.

नकाशाला वर्ष, हद्द आणि प्रमाणपट्टी लागते. छायाचित्राला ठिकाण, दिनांक, कुणी काढलं आणि नेमकं काय बघायचं ते. "आकृती ६. धारावीतील दृश्य" यातून वाचकाने काय घ्यायचं? कुंभारवाड्यातल्या भट्ट्या दाखवायच्या असतील तर तसं म्हणा.

मजकुरातला उल्लेख

प्रत्येक तक्त्याचा आणि आकृतीचा मजकुरात निदान एकदा, आणि तोही ती येण्याआधी, उल्लेख हवा. पहिला उल्लेख ज्या क्रमाने येईल, त्याच क्रमाने आकडे द्यायचे. उल्लेखच करावासा वाटत नसेल, तर तो तक्ता बहुधा नकोच आहे.

माझ्याकडे येणाऱ्या दहा प्रबंधांपैकी आठांत असं असतं: "खालील तक्त्यात मुंबईच्या लोकसंख्येची माहिती देण्यात आली आहे. त्यावरून असे दिसून येते की, २००१ साली मुंबई शहराची लोकसंख्या ३३,३८,०३१ होती, ती २०११ साली ३०,८५,४११ झाली. मुंबई उपनगराची लोकसंख्या..." आणि सहाच्या सहा आकडे पुन्हा! हे तक्ता मोठ्याने वाचून दाखवणं झालं. वाचक पहिल्या वाक्यानंतर पान उलटतो. शिवाय शेवटच्या क्षणी तक्त्यातला एक आकडा दुरुस्त झाला की मजकुरातला तसाच राहतो आणि मग दोन आकडे एकमेकांशी भांडत बसतात.

त्याऐवजी म्हणणं आधी आणि तक्ता कंसात: "२००१ ते २०११ या दशकात बृहन्मुंबईची लोकसंख्या ३.९ टक्क्यांनी वाढली, पण ही वाढ उपनगरातली आहे. शहर जिल्ह्यातली माणसं याच काळात सुमारे अडीच लाखांनी घटली (तक्ता १)." तक्त्यात न लिहिलेली एक गोष्ट, म्हणजे अडीच लाख, इथे आली. ती तक्त्यावरून ताडून पाहता येते, आणि बाकीचे आकडे तक्त्यावर सोडून दिले.

"खालील" आणि "वरील" हे शब्द टाळा. पानं जुळवताना तक्ता पुढच्या पानावर सरकतो, मग "खालील" म्हणावं तिथे खाली तळटीप असते. क्रमांक सरकत नाही.

नावंही जुळू द्या. मजकुरात "बेटशहर", तक्त्यात "मुंबई शहर" आणि आलेखात "दक्षिण मुंबई" असेल, तर वाचक तीन वेगळे प्रदेश समजेल. आणि दक्षिण मुंबई खरोखरच वेगळी आहे, दादरकरांना विचारा.

क्रमांक हाताने टाइप करू नका

मध्येच एक तक्ता वाढला की पुढचे सगळे क्रमांक बदलतात. वर्डमध्ये `References` टॅबवर `Insert Caption` आहे. तिथे `New Label` दाबून "तक्ता" असं लेबल एकदा तयार करा, मग "आकृती" असं दुसरं. मजकुरात उल्लेख करायचा तिथे त्याच टॅबवरच्या `Cross-reference` मधून `Only label and number` निवडा.

इथे मराठीची एक खास अडचण येते. वर्ड "तक्ता 1" असे शब्द जसेच्या तसे टाकतो, त्यांचं सामान्यरूप करत नाही. "तक्त्यावरून दिसते" असं लिहायची आपल्याला सवय, आणि हाताने "तक्त्या" केलंत तर पुढच्या अद्ययावतीकरणात ते पुन्हा "तक्ता" होतं. म्हणून वाक्यच असं रचा की प्रत्यय क्रमांकानंतर येईल, जसं "तक्ता 1 मध्ये", "आकृती 2 वरून". किंवा उल्लेख सरळ कंसात टाका. कंसातल्या शब्दाला विभक्ती लागत नाही, हे मराठीत लिहिणाऱ्यांवर मोठेच उपकार आहेत.

हे क्रमांक आपोआप बदलतील या भरवशावर राहू नका. सगळं लिहून झालं की `Ctrl+A` आणि मग `F9`. त्यानंतर `Ctrl+F` ने `Error!` शोधा. एखादं कॅप्शन खोडलं गेलं असेल तर त्याच्या उल्लेखाच्या जागी `Error! Reference source not found.` उगवतं. बाइंडिंग होऊन आलेल्या प्रतीत ते पाहण्यापेक्षा आधी पाहिलेलं बरं.

शीर्षक एका पानाच्या तळाशी आणि तक्ता पुढच्या पानावर असंही होतं. शीर्षकावर उभं राहून `Paragraph` मधल्या `Line and Page Breaks` खाली `Keep with next` ला टिक करा. तक्ता दोन पानांवर पसरणारच असेल, तर त्याची पहिली ओळ निवडून `Repeat Header Rows` दाबा, म्हणजे दुसऱ्या पानावरही स्तंभांची नावं येतील.

दोन तपासण्या

पहिली तपासणी व्हॉट्सॲपची. तक्ता, शीर्षक आणि टिपा एवढ्याचाच फोटो काढा आणि तुमच्या विषयाशी काही संबंध नसलेल्या कुणाला तरी पाठवा, आत्या, मामेभाऊ, कुणीही. "छान आहे" असं उत्तर आलं तर ते बाजूला ठेवा. त्यांना विचारा, हे कुठलं आहे, कधीचं आहे आणि आकडे कशाचे आहेत. ते ज्या प्रश्नापाशी अडतील, त्याचं उत्तर शीर्षकात किंवा टिपेत घाला.

दुसरी तपासणी तक्त्यांच्या आणि आकृत्यांच्या सूचीची. `Insert Table of Figures` ने सूची काढा आणि नुसती तीच वाचा. "लोकसंख्येचे वर्गीकरण", "लोकसंख्येचे विश्लेषण", "लोकसंख्येचे प्रमाण" अशी तीन शीर्षकं एकाखाली एक दिसली आणि त्यांतला फरक तुम्हालाच सांगता आला नाही, तर तिन्ही पुन्हा लिहा. आणि आकृती १ चं अख्खं पाच ओळींचं कॅप्शन सूचीत येऊन बसलं असेल, तर त्याचं कारण साधं आहे: वर्ड कॅप्शनचा पूर्ण परिच्छेद उचलतो. पहिल्या वाक्यानंतर एंटर दाबून बाकीचं स्पष्टीकरण वेगळ्या परिच्छेदात घ्या, त्याची शैली `Caption` वरून बदलून `Normal` करा आणि सूचीवर पुन्हा एकदा `F9` दाबा.